बक्षीसपत्र केलं तरी भाडं त्यांचंच

*नमस्कार. आम्ही नाशिकला राहतो. मिस्टर खासगी कंपनीत आहेत, त्यांचा वर्षाचा पगार २८ लाख ७५ हजार. मी शाळेत शिकवते, माझा ७ लाख ७५ हजार. दोघंही नव्या पद्धतीनं कर भरतो. एक फ्लॅट ह्यांच्या नावावर आहे, त्याचं महिना २६ हजार भाडं येतं. ह्यांच्या नावावर २० लाखांच्या एफडी आहेत. शिवाय माझ्या बाबांनी मला दिलेले १५ लाख दोघांच्या नावानं एफडीत आहेत. पहिलं नाव ह्यांचं, त्यामुळे व्याज ह्यांच्याच रिटर्नमध्ये जातं. किराणा, मुलांची फी, लाइट बिल असा महिना ५० हजारांचा खर्च माझ्या पगारातून होतो आणि बचत ह्यांच्या पगारातून. धाकटे दीर म्हणतात, फ्लॅट बक्षीसपत्रानं वहिनीच्या नावावर करा, २०० रुपयांत काम होतं, एफडीही तिच्याकडे वळवा, कर शून्य. त्यांनी तीन वर्षांपूर्वी असंच केलं, काही झालं नाही म्हणतात. पुढच्या वर्षी भाड्यानं द्यायला ६० लाखांचा आणखी एक फ्लॅट घ्यायचा विचार आहे. काय करावं?*
*– एक वाचक, नाशिक*

ताई, दिरांच्या सल्ल्याकडे येतेच, पण आधी तुमच्या बाबांचे पैसे. कारण तिथं तुमचं दरवर्षी नुकसान चाललंय आणि ते थांबवायला कुठलीच युक्ती लागत नाही.

जोडनावाच्या एफडीत बँक व्याज कळवते ते पहिल्या नावाच्या पॅनवर. टीडीएसही त्याच पॅनवर कापते. म्हणून ते व्याज मिस्टरांच्या एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडच्या त्यांच्या वार्षिक माहितीपत्रकात, उमटतं, आणि रिटर्न भरणारा माणूस एआयएस समोर ठेवून आकडे भरत जातो. पण कर कुणी द्यायचा हे पहिल्या नावावरून ठरत नाही, पैसा कुणाचा यावरून ठरतं. वडिलांनी मुलीला दिलेल्या पैशावर मुलीला कर नाही, आणि त्या पैशावरचं व्याज मुलीचंच. कुणी म्हणालं की पहिलं नाव नवऱ्याचं घातलंत म्हणजे तुम्ही ते पैसे त्यांना देऊनच टाकलेत, तरी निकाल तोच लागतो. जोडीदाराला फुकट दिलेल्या पैशाचं उत्पन्न देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवायचं, असा नियम आहे, आणि इथं देणाऱ्या तुम्ही. ज्या नियमाची पुढं आपल्याला अडचण होणार आहे, तोच इथं तुमच्या बाजूनं उभा आहे.

आकड्यांत बघा. ७ टक्के धरले तर १५ लाखांवर वर्षाला १ लाख ५ हजार व्याज. मिस्टरांचं करपात्र उत्पन्न, पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावर, २८ लाख. नव्या पद्धतीत २४ लाखांच्या वर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. त्या व्याजावर ते ३२,७६० रुपये कर भरतायत. तेच व्याज तुमच्या रिटर्नमध्ये आलं तर तुमचं उत्पन्न ७ लाखांवरून ८ लाख ५ हजार होईल आणि कर पडेल शून्य, कारण २०२५-२६ च्या दरांत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नाला पूर्ण सूट आहे.

तेव्हा ही एफडी मुदत संपली की आपोआप नूतनीकरण होऊ देऊ नका. पैसे तुमच्या एकटीच्या बचत खात्यात घ्या आणि तिथून तुमचं नाव पहिलं ठेवून नवी एफडी करा. दुसरं नाव मिस्टरांचं खुशाल असू द्या. बाबांनी चेक दिला होता की खात्यातून पाठवले होते, त्या दिवसाची पासबुकाची नोंद शोधून झेरॉक्स काढून ठेवा. बाबा आहेत तोवर एका साध्या कागदावर ‘मुलीला प्रेमापोटी इतके रुपये अमुक तारखेला दिले’ एवढं लिहून सही घ्या. हा कागद देणगी करण्यासाठी लागत नाही, पण पाच वर्षांनी कुणी विचारलं तर सांगायला बरा पडतो.

मुदत संपेपर्यंतचं व्याज तुम्ही तुमच्या रिटर्नमध्ये दाखवा. मिस्टरांनी एआयएसमध्ये त्या नोंदीवर `Information relates to other PAN/Year` हा पर्याय निवडून तुमचा पॅन द्यायचा. कापलेला टीडीएस तुमच्याकडे वळवायला मात्र बँकेला अर्ज द्यावा लागतो आणि तो मान्य करून घेताना दमछाक होते. मुदत सहा-आठ महिन्यांवर आली असेल तर मी वाट बघायला सांगेन. मागच्या वर्षांचा जादा कर अपडेटेड रिटर्न भरून परत मिळत नाही. ते रिटर्न कर वाढवून भरण्यासाठी असतं, परतावा मागण्यासाठी नाही.

आता फ्लॅट.

दीर सांगतात ते अर्धं खरं आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा फ्लॅट पत्नीला बक्षीस दिला तर स्टँप ड्यूटी २०० रुपयेच आहे (स्थानिक अधिभार असेल तो वेगळा). नातेवाइकाकडून मिळालेली भेट म्हणून तुम्हालाही कर नाही. या दोन गोष्टी ऐकून माणसं थेट रजिस्ट्रारच्या कचेरीत जातात. तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. जोडीदाराला पुरेसा मोबदला न घेता घर दिलं, तर प्राप्तिकरापुरता मालक देणाराच धरला जातो. म्हणजे सात-बारा काय किंवा इंडेक्स-टू काय, कागदावर नाव तुमचं, घरपट्टी तुमच्या नावानं, आणि भाड्यावरचा कर मिस्टरांचा. हा नियम १९६१ च्या कायद्यात होता. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, नियम बदलला नाही.

‘पुरेसा मोबदला’ या शब्दांवर वकिलांनी पूर्वीच डोकं लढवलंय. मुंबईच्या तुलसीदास किलाचंद यांनी पत्नीसाठी शेअर बाजूला काढून ठेवले होते, आणि पत्नीबद्दलचं प्रेम हाच मोबदला असं त्यांच्या बाजूनं मांडलं गेलं. सुप्रीम कोर्टानं १९६१ मध्ये सांगितलं की प्रेम हे देण्याचं कारण असू शकतं, कायद्याला हवा तो मोबदला नाही. बायकोसमोर हा निकाल वाचून दाखवू नये एवढंच.

मग काही जण बक्षीसपत्राचाही खर्च करत नाहीत. भाडेकराराच्या कागदावर मालक म्हणून बायकोचं नाव घालतात आणि भाडं तिच्या खात्यात जमा करून घेतात. ते तर आणखी कच्चं. घर ज्याचं त्याचं भाडं. ते पुढं कुणाच्या खात्यात टाकलं हा मालकाचा खासगी मामला.

तुमच्या फ्लॅटचं गणित मांडते, म्हणजे कशावर एवढा खटाटोप चाललाय ते कळेल. वर्षाचं भाडं ३ लाख १२ हजार. घरपट्टी मालकानं भरलेली, समजा १२ हजार, ती वजा. उरले ३ लाख. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट, दुरुस्तीला एक रुपया खर्च केला नसला तरी. करपात्र राहिले २ लाख १० हजार, आणि त्यावर मिस्टरांचा कर ६५,५२०. दिरांच्या सल्ल्यानं वाचणार म्हणतात तो हाच आकडा. तो वाचत नाही. उलट तो फ्लॅट उद्या विकलात तर नफ्यावरचा करही मिस्टरांच्याच उत्पन्नात येतो, आणि मालकी मात्र तुमच्याकडे गेलेली असते. तुम्हाला घर देण्याची त्यांची मनापासून इच्छा असेल तर जरूर द्यावं. कर वाचवायला म्हणून देऊ नये.

विकत घ्यायचा म्हटलं तर? बाजारभावानं, तुमच्या स्वतःच्या पैशानं घेतलात तर भाडं तुमचं, यात वाद नाही. पण मग पूर्ण स्टँप ड्यूटी, मिस्टरांना विक्रीच्या नफ्यावर कर, आणि तुमच्याकडे तेवढी रक्कम हवी. वर्षाच्या ६५ हजारांसाठी चार-पाच लाख आधीच घालवायचे. हा फ्लॅट आहे तसा राहू द्या.

एफडीचं थोडं वेगळं आहे, म्हणून दोन मिनिटं तिथं थांबते. मिस्टरांनी तुम्हाला १० लाख दिले आणि तुम्ही ७ टक्क्यांनी ठेवले, तर पहिल्या वर्षाचे ७० हजार त्यांच्या उत्पन्नात. दुसऱ्या वर्षी मूळ १० लाखांवरचे ७० हजार पुन्हा त्यांचेच, पण मागच्या वर्षी तुमच्याकडे साठलेल्या ७० हजारांवर जे ४,९०० व्याज आलं ते तुमचं. देणगीचं उत्पन्न मिळवायचं असतं, उत्पन्नावरचं उत्पन्न नाही. व्याज खर्च न करता साठवत गेलात तर दहा वर्षांनी ते १० लाख साधारण १९ लाख ६७ हजार झालेले असतील, आणि अकराव्या वर्षाच्या व्याजाचा जवळजवळ निम्मा भाग तुमचा असेल. म्हणजे फायदा आहे, पण मुंगीच्या पावलांनी. तोवर दरवर्षी मिस्टरांनी ७० हजार आपल्या रिटर्नच्या `Schedule SPI` मध्ये दाखवायचे, त्यावरचा कर स्वतःच्या खिशातून भरायचा, आणि तुम्ही मूळ रकमेच्या व्याजाचा आणि व्याजावरच्या व्याजाचा हिशेब वेगळा लिहायचा. दहा वर्षं अशी वही ठेवणारं जोडपं मी माझ्या तीस वर्षांच्या कामात एकच पाहिलं. दोघंही गणिताचे प्राध्यापक होते.

पैशाचं रूप बदलून सुटका होत नाही. दिलेल्या रकमेची एफडी केली, ती मोडून म्युच्युअल फंड घेतला, फंड विकून सोनं घेतलं, तरी मूळ रकमेच्या मागं नियम चालत येतो. वळसा घालूनही नाही. चेन्नईच्या कोठारी बापलेकांनी एकमेकांच्या बायकांना पैसे दिले होते, सासऱ्यानं सुनेला आणि मुलानं आईला. सुप्रीम कोर्टानं १९६३ मध्ये दोन्ही व्यवहार एकाच साखळीचे धरले. त्यामुळे ‘ह्यांनी दिरांच्या बायकोला आणि दिरांनी मला’ अशी अदलाबदल कुणी सुचवली तर हसून सोडून द्या.

मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. घरखर्च तुमच्या पगारातून, बचत त्यांच्या पगारातून. मराठी घरांत हे इतकं सर्रास चालतं की कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. बायकोचा पगार ‘वरखर्चाला’, नवऱ्याचा ‘भविष्याला’. यातला आपलेपणा मला कळतो. पण करात याचा अर्थ असा होतो की ज्या पैशाच्या वाढीवर शून्य कर पडला असता तो तुम्ही खाऊन टाकता, आणि ज्याच्या वाढीवर ३१.२ टक्के पडतो तो वाढवता.

हे उलटं करा. महिन्याचे ५० हजार मिस्टरांच्या पगारातून जाऊ देत आणि तुमच्या पगारातले तेवढेच ५० हजार तुमच्या नावावर गुंतवा. घराला एकूण खर्च तेवढाच, बचत तेवढीच. बचत कुणाच्या पैशाची एवढंच बदललं. नवऱ्यानं घर चालवणं ही बायकोला दिलेली देणगी नव्हे, आणि तुमची गुंतवणूक तुमच्या कष्टाच्या पगाराची आहे. इथं कुणाचं उत्पन्न कुणात मिळवण्याचा प्रश्नच येत नाही.

मात्र एक चूक हमखास होते. मिस्टर दर महिन्याला तुमच्या खात्यात ‘घरखर्च’ म्हणून ५० हजार टाकतात, आणि दोन दिवसांनी त्याच खात्यातून ५० हजारांची एसआयपी जाते. तुमचा पगारही त्याच खात्यात. कोणत्या ५० हजारांची भाजी आणि कोणत्या ५० हजारांची एसआयपी, हे मग पासबुक सांगू शकत नाही, आणि अधिकाऱ्याला शंका घ्यायला जागा मिळते. म्हणून पैसे तुमच्या खात्यात आणूच नका. शाळेची फी, लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, गॅस हे सगळं मिस्टरांच्या खात्यातून थेट जाऊ देत. किराणा आणि दूधवाल्यासाठी त्यांच्या क्रेडिट कार्डाचं जोडकार्ड तुमच्या पर्समध्ये ठेवा, किंवा त्यांच्याच खात्याला जोडलेलं यूपीआय वापरा. तुमच्या पगाराच्या खात्यातून फक्त तुमची गुंतवणूक आणि तुमचे स्वतःचे खर्च. सुरुवातीला दोन महिने विचित्र वाटेल. माझ्या एका अशील बाईंना तर नवऱ्याच्या कार्डावर कोथिंबीर घ्यायची लाज वाटायची.

यानं मिळेल काय? पहिल्या वर्षी फार नाही. ६ लाख साठले, त्यावर वर्षाला ४२ हजार व्याज, वाचलेला कर १३ हजारांच्या आसपास. पण पाच वर्षं दरसाल ६ लाख टाकत आणि व्याज साठवत गेलात तर साडेचौतीस लाख होतात. त्यावरचं वर्षाचं व्याज २ लाख ४० हजारांच्या घरात. मिस्टरांच्या नावावर त्याचा कर ७५ हजार पडला असता. फ्लॅट बक्षीस देऊन जे वाचणार नव्हतं त्याहून जास्त, आणि कुणाला उत्तर द्यायला नको.

मिस्टरांना तुम्हाला थेट पैसे द्यायचेच असतील तर पीपीएफसारखी जागा बरी. तिथलं व्याज करमुक्त आहे. त्यांच्या उत्पन्नात मिळवलं तरी त्यावर कर नाहीच.

आता एक इशारा, कारण तुमच्यासारख्या हुशार बायका एकदा पद्धत कळली की सगळंच आपल्या नावावर ओढायला बघतात. १२ लाखांची ती रेघ फार तीक्ष्ण आहे. तुमचं करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख असेल तर कर शून्य. १२ लाख ५० हजार झालं तर तक्त्याप्रमाणे कर ६७,५०० होतो, पण वरच्या ५० हजारांहून जास्त कर घ्यायचा नाही अशी सवलत आहे, म्हणून ५० हजार कर आणि २ हजार सेस. म्हणजे ते वरचे ५० हजार अख्खेच गेले, वर खिशातले दोन हजार. तेच ५० हजार मिस्टरांच्या उत्पन्नात राहिले असते तर १५,६०० कर पडला असता. १२ लाखांपासून सुमारे १२ लाख ७० हजारांपर्यंतचा हा पट्टा असा आहे की तिथं तुमचा प्रत्येक जादा रुपया सरकारच खातं. त्याच्या पुढं गेलात की पुन्हा १५ टक्क्यांचा दर चालू होतो आणि तो मिस्टरांच्या निम्माच आहे.

आज तुमच्याकडे ५ लाखांची जागा आहे. त्यातले १ लाख ५ हजार बाबांच्या एफडीचे. उरले ३ लाख ९५ हजार. पण तुमचा पगारही वाढणार, आणि पगारवाढ ही जागा व्याजापेक्षा लवकर भरते. दरवर्षी फेब्रुवारीत फॉर्म सोळाचा अंदाज आणि एफडींची व्याजपत्रकं घेऊन एकदा बेरीज करा. रेघ जवळ आली असेल तर त्या वर्षीची नवी बचत शेअरच्या वाढीच्या फंडात टाका, जिथं विकेपर्यंत कर येत नाही. विकताना वर्षाहून जुन्या युनिटांच्या नफ्यातले १ लाख २५ हजार दरसाल माफ, त्याच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. ही सव्वा लाखाची माफी नवरा-बायको दोघांना वेगवेगळी मिळते. फक्त लक्षात ठेवा, १२ लाखांची सूट या साडेबारा टक्क्यांच्या कराला लागत नाही. ‘माझं उत्पन्न बारा लाखांच्या आत आहे’ म्हणून फंड विकून बसलेले दोन शिक्षक गेल्या वर्षी माझ्यासमोर हिरमुसले होते.

पुढच्या वर्षीच्या फ्लॅटबद्दल. इथं तुम्ही वेळेत विचारलंत, कारण भाड्याची वाटणी खरेदीच्या दिवशी ठरते, नंतर नाही. दोघांची नावं घातली म्हणून भाडं निम्मं-निम्मं होत नाही. ज्यानं जेवढा पैसा घातला तेवढा त्याचा हिस्सा, आणि तो हिस्सा ठरलेला आणि दाखवता येण्याजोगा असेल तर प्रत्येकाला आपापल्या हिश्श्यावर कर. समजा ६० लाखांतले २४ लाख तुमचे, त्यात काही स्वतःची बचत आणि काही तुमच्या नावाचं कर्ज, ज्याचा हप्ता तुमच्या पगारातून जातो. मग खरेदीखतात ‘पत्नीचा हिस्सा ४० टक्के, पतीचा ६० टक्के’ असं वकिलाकडून लिहून घ्या. महिना २० हजार भाडं आलं तर भाडेकरूनं ८ हजार तुमच्या खात्यात आणि १२ हजार त्यांच्या खात्यात टाकायचे. भाडेकरारात दोघांच्या सह्या, हप्ते आपापल्या खात्यातून. बिल्डरला जाणारा प्रत्येक चेक कुणाच्या खात्यातून गेला याची एक फाइल ठेवा. पैसे सगळे मिस्टरांचे आणि खतात तुमचा निम्मा हिस्सा, असं केलंत तर वरचंच रामायण पुन्हा सुरू होतं.

बाबांचे १५ लाख या फ्लॅटमध्ये घालावेत का, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. कराच्या हिशेबानं घालू नयेत. तुमच्या हातात ते ७ टक्के बिनकराचे मिळवतायत. ६० लाखांच्या फ्लॅटला २० हजार भाडं म्हणजे ४ टक्केच, आणि त्यातून घरपट्टी जाते, मधले दोन महिने फ्लॅट रिकामा राहतो. फ्लॅटची किंमत वाढेल या भरवशावर घ्यायचा असेल तर तो वेगळा विचार आहे. कर्ज काढणार असाल तर एवढंच, नव्या पद्धतीत भाड्याच्या घराच्या कर्जाचं व्याज भाड्यातून वजा होतं, पण भाड्याहून जास्त झालेलं व्याज पगारातून वजा करता येत नाही. जुन्या पद्धतीची सवय असलेले लोक इथं फसतात.

गोव्यातले वाचक हे वाचून गोंधळतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. तिथल्या नागरी संहितेखाली नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असेल तर भाडं, व्याज, भांडवली नफा कायद्यानंच निम्मा-निम्मा होतो, फक्त पगार ज्याचा त्याचा. दोघांनी `Schedule 5A` भरायचं. ती सोय नाशिकला नाही.

राहिले तुमचे दीर. तीन वर्षं काही झालं नाही याचा अर्थ काही होणार नाही असा नसतो. बक्षीसपत्राची नोंद रजिस्ट्रारकडे आहे, घराच्या भाड्याचं उत्पन्न अचानक त्यांच्या रिटर्नमधून गायब होऊन बायकोच्या रिटर्नमध्ये उगवलंय, आणि हे दोन्ही कागद जोडायला अधिकाऱ्याला अर्धा तास पुरतो. कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के दंड, आणि जाणूनबुजून चुकीचं दाखवलं असं ठरलं तर २०० टक्के. व्याज वेगळं. त्यांनी अजून नोटीस आली नसताना स्वतःहून अपडेटेड रिटर्न भरलं तर दंड टळतो. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत ती मुभा आहे, पण उशिराची किंमत चढती आहे. पहिल्या वर्षात भरलं तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७०. गणपतीला सगळे एकत्र जमाल तेव्हा आरती झाल्यावर त्यांना बाजूला घेऊन हे सांगा, आणि जाऊबाईंच्या रिटर्नमध्ये ते भाडं दाखवून जो कर भरला असेल त्याची चलनंही बरोबर घेऊन एखाद्या सीएकडे जायला सांगा.